दुकानाच्या वर्धापनदिनाचे आभारपत्र : ठरावीक मजकुराचे मनापासूनचे पत्र कसे करावे?



पत्रलेखनात आपण मागणीपत्र, विनंतीपत्र, तक्रारपत्र, अभिनंदनपत्र असे प्रकार शिकतो. आभारपत्राकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. ‘आभार मानायचे, त्यात काय एवढं?’ असं वाटतं. पण लिहायला बसलं की सगळ्यांच्या हातून एकच पत्र उतरतं. आज असंच एक पत्र घेऊ आणि ते नव्याने लिहून पाहू.

माझा एक जुना विद्यार्थी आता वडिलांबरोबर किराणा दुकान सांभाळतो. दुकान 2001 च्या दसऱ्याला सुरू झालं, म्हणजे येत्या दसऱ्याला 25 वर्षं होतील. महिन्याचं सामान नेणारी कायमची घरं साधारण 220. त्या सगळ्यांना छापील पत्र द्यायचं ठरलं. तो कच्चा मजकूर घेऊन आला आणि म्हणाला, “सर, शुद्धलेखन तेवढं बघा.” शुद्धलेखन ठीक होतं. तरी पत्र परत लिहावं लागलं. ते का आणि कसं, तेच या पाठात पाहायचं आहे.

मूळ पत्र

> माननीय ग्राहक बंधू-भगिनींनो,
> स. न. वि. वि.
> आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, आमचे अ. ब. क. किराणा स्टोअर्स येत्या दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर यशस्वी 25 वर्षे पूर्ण करीत आहे. गेली 25 वर्षे आम्ही उत्तम दर्जा, वाजवी दर व तत्पर सेवा या त्रिसूत्रीवर वाटचाल केली आहे. आपल्या अमूल्य सहकार्याशिवाय व भरघोस प्रतिसादाशिवाय हे यश शक्य नव्हते. ग्राहक हाच आमचा देव असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे. याप्रसंगी आम्ही आपले मनःपूर्वक आभार मानतो. वर्धापनदिनानिमित्त 1000 रुपयांच्या खरेदीवर 5 टक्के सूट देण्यात येत आहे, तरी लाभ घ्यावा. आपला स्नेह असाच वृद्धिंगत होवो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.
> आपले नम्र,
> अ. ब. क. किराणा स्टोअर्स

(परीक्षेत लिहितो तसंच दुकानाचं नाव इथे अ. ब. क. ठेवलं आहे.)

या पत्रात कमी काय आहे?

पहिली परीक्षा सोपी आहे. ‘किराणा स्टोअर्स’ खोडून तिथे ‘सायकल मार्ट’ लिहा, मग ‘ज्वेलर्स’ लिहा. दोन्ही वेळा पत्र जसंच्या तसं चालतं. जे पत्र कुठल्याही दुकानाला चालतं, ते या दुकानाचं नाही, आणि वाचणाऱ्यालाही ते तितक्याच लवकर कळतं.

दुसरी परीक्षा व्याकरणाची. प्रत्येक वाक्यातली क्रिया कोण करतं आहे ते शोधा. सात वाक्यं आहेत. दुकान वर्षं पूर्ण करतं, आम्ही वाटचाल करतो, आम्ही आभार मानतो. ग्राहक चौथ्या वाक्यात येतो, पण तिथे तो नुसता देव आहे, तो काहीच करत नाही. साऱ्या पत्रात ग्राहकाच्या वाट्याला एकच क्रिया आली आहे : ‘लाभ घ्यावा’. म्हणजे ज्याचे आभार मानायचे त्याने 25 वर्षांत काय केलं हे कुठेच नाही, आणि जे करायला सांगितलं आहे ते म्हणजे आणखी खरेदी!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘आभार मानणे’ या क्रियेला मराठीत ‘बद्दल’ लागतं. कशाबद्दल आभार? पाचवं वाक्य पुन्हा वाचा. तिथे ‘बद्दल’ नाहीच. ‘याप्रसंगी’ आहे, ‘मनःपूर्वक’ आहे, पण कशाबद्दल ते नाही. आपलं पुढचं सगळं काम म्हणजे ही रिकामी जागा भरणं. ती भरली की ‘मनःपूर्वक’ हा शब्द लिहावाही लागत नाही.

‘बद्दल’ कुठून आणायचं?

बरेच जण इथे शब्दकोशाकडे वळतात : ‘अमूल्य’ऐवजी ‘अनमोल’, ‘भरघोस’ऐवजी ‘उदंड’. त्याने काही होत नाही. शब्द कमी पडलेले नाहीत, माहिती कमी पडली आहे. म्हणून मी त्याला लिहायला बसवलं नाही. एक कागद दिला आणि घरी जाऊन आई-वडिलांना चार प्रश्न विचारून यायला सांगितलं :

1. पहिल्या दिवशी भवानी कोणी केली आणि काय घेतलं?
2. दुकान चालेल की नाही, असं कधी वाटलं? तेव्हा गिऱ्हाइकांनी काय केलं?
3. गिऱ्हाइकाने आपली कोणती चूक दाखवली?
4. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून दुकानात काय नवं आलं?

चारही प्रश्नांत क्रिया करणारं गिऱ्हाईक आहे, हे लक्षात घ्या. ‘तुम्ही ग्राहकांसाठी काय केलंत?’ असं विचारलं असतं तर उत्तरात त्रिसूत्रीच परत आली असती.

दुसऱ्या दिवशी कागद भरून आला. पहिल्या दिवशी समोरच्या वाड्यातल्या आजी आल्या आणि अर्धा किलो साखर घेऊन गेल्या. घरात साखर होती, पण नव्या दुकानाची भवानी गोडाने व्हावी म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या. 2020 साली ऐन गुढीपाडव्याला, 25 मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. माल अपुरा येत होता आणि दुकानावर हमाल नव्हता. तेव्हा लोकांनी यादीचे फोटो पाठवले, आपली पाळी येईपर्यंत उन्हात लांब उभे राहिले आणि कित्येकांनी यादीतलं दहा किलो पीठ आपणहून पाचावर आणलं, ‘मागच्यांनाही मिळू दे’ म्हणून. एका पावसाळ्यात रव्याला जाळी धरली होती. तो रवा काही घरांत गेला. लोकांनी पुडे परत आणले, पण चारचौघांत आरडाओरडा केला नाही. तेव्हापासून पावसाळ्याचे चार महिने रवा-मैद्याचं पोतं भरून ठेवत नाहीत, आठवड्यापुरता माल आणतात. आणि चौथं : दुकानात मिळणाऱ्या थालिपिठाच्या भाजणीचं प्रमाण एका काकूंनी बसवून दिलेलं आहे. “धने वाढव गं जरा,” असं त्या विद्यार्थ्याच्या आईला दोनदा सांगून गेल्या, तिसऱ्या खेपेला भाजणी जमली.

चार प्रश्नांत चार ‘बद्दल’ मिळाले. हे सायकल मार्टला चालणार नाहीत.

काय गाळायचं?

कागदावर पाचवी गोष्टही होती, मुलाने स्वतःहून लिहिलेली : ‘टाळेबंदीत आम्ही चाळीस घरांना उधारीवर सामान दिलं.’ त्याला ती पत्रात सगळ्यात वर हवी होती. त्याच्या दृष्टीने दुकानाने केलेलं सर्वांत मोठं काम तेच होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

मी त्याला विचारलं, “त्या चाळीसांतल्या सगळ्यांचे पैसे आले का?” तो म्हणाला, “नाही. सहा-सात घरांचं अजून थोडं थोडं बाकी आहे.” मग मी म्हटलं, “त्या घरात हे पत्र उघडलं जाईल तेव्हा काय होईल, सांग.”

तो गप्प बसला. जे वाक्य आपण अभिमानाने लिहितो, ते तिथे तगाद्यासारखं वाचलं जाणार. ज्यांनी पैसे फेडले त्यांनाही त्या दिवसांची आठवण करून दिल्यासारखं होणार. आभारपत्रात स्वतःचे उपकार मोजले की आभार उलटे फिरतात : आता त्यांनी आपले मानायचे! घरी त्याने वडिलांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, “वहीतलं वहीत राहू दे. त्यावर तर दुकान चाललंय.” ती ओळ गेली.

म्हणजे पत्र खासगी वाटावं म्हणून दुसऱ्याचं खासगी उघड करायचं नाही. आजींनी साखर घेतली हे सांगता येतं, त्यात त्यांचा मान आहे. रव्याची चूक सांगता येते, कारण ती आपली आहे. दुसऱ्याची अडचण सांगता येत नाही, मग ती कितीही हृद्य वाटो.

दुसरी गोष्ट गाळली ती सूट. 5 टक्के सूट देण्यात काही गैर नाही, पण ती त्याच कागदावर आली की आधीचे सगळे आभार जाहिरातीची प्रस्तावना ठरतात. सूट द्यायची तर दसऱ्याच्या दिवशी काउंटरवर पाटी लावा, किंवा काही न सांगता बिलातून वजा करा. पत्रातून ती जाऊ द्या.

भाषा कशी ठेवायची?

इथे दोन टोकं टाळायची आहेत. मूळ पत्रातलं ‘देण्यात येत आहे’ हे नोटिशीचं मराठी आहे. देणारा कोण ते त्यात दिसत नाही. त्याऐवजी सरळ कर्तरी वाक्य लिहा : ‘आम्ही शिकलो’, ‘तुम्ही सांगितलंत’. दुसरं टोक म्हणजे उगाच गळ्यात पडणं. ‘तुम्ही आमच्या काळजाचा तुकडा आहात’ असं वाणसामानाच्या दुकानाने लिहिलं तर लोक हसतील.

‘आपण’ की ‘तुम्ही’? दुकानदार काउंटरवर जसं बोलतो तसं लिहावं. हे गृहस्थ ‘या काकू’, ‘काय वहिनी, आज लवकर?’ असं बोलतात. त्यांच्या पत्रात ‘आपणांस’ आलं की ते पत्र दुसऱ्याच कोणी लिहिल्यासारखं वाटतं. म्हणून ‘तुम्ही’. त्यात आदर आहे आणि ओळखही आहे.

मग ‘स. न. वि. वि.’ आणि ‘लोभ असावा’ हे काढायचं का? नाही. मायना आणि समारोप हे पत्राचे उंबरठे आहेत, ते ठरावीकच असतात आणि असावेत. त्यांनी पत्र खोटं होत नाही. उंबरठ्याच्या आत घर रिकामं असलं तर होतं.

नवे पत्र

> स. न. वि. वि.
>
> येत्या दसऱ्याला आपल्या दुकानाला 25 वर्षं होतील.
>
> 2001 च्या दसऱ्याला सकाळी दुकान उघडलं तेव्हा समोरच्या वाड्यातल्या आजी अर्धा किलो साखर घेऊन गेल्या. घरात साखर असूनही त्या आल्या होत्या, भवानी गोडाने व्हावी म्हणून. हे त्यांनी आम्हाला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आज आजी नाहीत. दसऱ्याला दुकान उघडताना आम्ही पहिल्यांदा साखरच तोलतो.
>
> तुमच्याकडून आम्ही बरंच शिकलो. एका पावसाळ्यात आमच्याकडचा रवा खराब निघाला. चूक आमची होती. तुम्ही पुडे परत आणून दिलेत आणि पुढच्या महिन्याची यादीही दिलीत. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही रवा-मैदा साठवून ठेवत नाही. दुकानातली भाजणी आज गावाबाहेरही जाते, पण तिचं प्रमाण आमचं नाही. ते तुमच्यातल्याच एका काकूंचं आहे.
>
> 2020 च्या पाडव्यानंतरचे दिवस तुम्हालाही आठवत असतील. माल थोडा होता आणि रांग मोठी होती. त्या रांगेत उभं राहून तुमच्यातल्या कितीतरी जणांनी आपल्या यादीतलं पीठ निम्मं केलंत, मागच्यांना मिळावं म्हणून. कोणी तसं सांगितलं नव्हतं. आम्ही काउंटरच्या आतून ते पाहत होतो. त्या वेळी आभार मानायचे राहून गेले, ते आज मानतो.
>
> दसऱ्याला सकाळी जमलं तर या. काही घ्यायचं नसलं तरी या. चहा टाकलेला असेल.
>
> लोभ आहेच, तो असाच असावा.
>
> तुमचे,
> अ. ब. क. (आणि घरची सगळी)

आता आपल्या तीन परीक्षा लावून पाहा. दुकानाचं नाव बदलून चालेल? साखर, रवा, भाजणी, पीठ मध्ये येतात. चालणार नाही. क्रिया कोण करतं? आजी आल्या, तुम्ही पुडे परत आणलेत, तुम्ही पीठ निम्मं केलंत. ‘बद्दल’ आहे का? हा शब्द पत्रात एकदाही नाही, तरी कशाबद्दल आभार आहेत हे वाचणाऱ्याला कळतं. ‘अमूल्य’, ‘भरघोस’, ‘मनःपूर्वक’ यांतला एकही शब्द लागला नाही.

एक बारीक गोष्ट पाहा. ‘तुम्ही पीठ निम्मं केलंत’ असं सरसकट लिहिलेलं नाही, ‘तुमच्यातल्या कितीतरी जणांनी’ असं लिहिलं आहे. सगळ्यांनी तसं केलं नव्हतं. ज्याने केलं नाही त्याला खोटी शाबासकी मिळाली तर त्याचा उरलेल्या पत्रावरचाही विश्वास उडतो. रव्याच्या वाक्याला हाच नियम लावला तर तिथेही ‘काही जणांनी’ हवं होतं. विद्यार्थ्याच्या आईने ती चूक पकडली आणि छापण्याआधी ‘तुमच्यातल्या काही जणांनी पुडे परत आणून दिले, आणि पुढच्या महिन्याची यादीही दिली’ असा बदल केला. तुमच्या लक्षात ती चूक आली होती का?

हाताने लिहिलेली एक ओळ

छापील पत्र 220 घरांना एकच असणार. म्हणून त्याच्या तळाशी तीन बोटं जागा कोरी ठेवली, दुकानदाराने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायला. रोज रात्री दुकान वाढवल्यावर वीस पत्रं घेतली, तर अकरा दिवसांत काम होतं. एका बैठकीत पन्नास लिहायला गेलं की ओळी पुन्हा सारख्या व्हायला लागतात.

ओळ सुचण्यासाठी त्यांच्याकडे महिन्याच्या याद्या होत्या. किराणा दुकानदाराला यादीवरून घर कळतं. नाचणीसत्त्व आलं की घरात बाळ आहे, शेंगदाणे-गूळ वाढला की थंडी आली. पण इथेही तोच विवेक हवा. ‘काका, तुमच्या यादीतली साखर कमी झाली, तब्येत सांभाळा’ ही ओळ प्रेमाची असली तरी लिहू नये. पत्र घरात सगळे वाचतात आणि दुखणं ज्याचं त्याने सांगायचं असतं. त्याऐवजी ‘काका, तुमच्या यादीचं अक्षर बघून आमच्या मुलाला अक्षर सुधारायला सांगायचो’ हे लिहावं. ‘वहिनी, भाजणीचे धने अजून तुमच्याच मापाने’ हेही चालेल.

आणि काहीच आठवलं नाही तर? तर ओळ बनवू नये. नुसतं नाव नीट, पूर्ण, शुद्ध लिहावं : ‘जोशीकाका’, ‘शेखभाई’, ‘पवारवहिनी’, जसं रोज हाक मारतो तसं. नाव चुकलं तर मात्र सगळं पत्र वाया गेलं म्हणून समजा.

मुलाने शेवटी एक प्रश्न विचारला : जवळ मोठं मॉल झाल्यापासून वीसेक घरं येईनाशी झाली आहेत, त्यांना पत्र द्यायचं का? जरूर द्यायचं, आणि तेच पत्र द्यायचं. ‘हल्ली दिसत नाही’ हा टोमणा नको, ‘परत या’ ही विनवणीही नको. त्या वीस घरांतल्या कोणीतरी त्या रांगेत पीठ निम्मं केलेलं असेल. आभार त्याचे आहेत, पुढच्या महिन्याच्या यादीचे नाहीत.

छापण्याआधी

पत्र मोठ्याने वाचा. जिथे दुकानदाराची जीभ अडखळते तिथे शब्द त्याचा नाही, तो बदला. नंतर दोन जुन्या गिऱ्हाइकांना कच्चं पत्र वाचायला द्या आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतील. विचारा, “यातलं काय आठवतंय?” एखादी गोष्ट लगेच सांगितली तर पत्र पोचलं. ‘छान लिहिलंय’ एवढंच आलं तर आणखी एकदा बसा.

स्वाध्याय

1. तुमच्या घराजवळचा शिंपी, पिठाची गिरणी किंवा वह्या-पुस्तकांचं दुकान निवडा. वरचे चार प्रश्न प्रत्यक्ष विचारून उत्तरं लिहून आणा.
2. त्या उत्तरांतून पत्रात कोणती गोष्ट घेता येणार नाही ते ठरवा आणि कारण दोन वाक्यांत लिहा.
3. दीडशे शब्दांत आभारपत्र लिहा. अट : ‘अमूल्य’, ‘मनःपूर्वक’, ‘सहकार्य’, ‘प्रतिसाद’ हे शब्द वापरायचे नाहीत.